टाईलला भोक पाडताना कोणता बिट घ्यावा?

टॉवेल रॉड बसवायचा आहे आणि हार्डवेअरच्या दुकानात दुकानदाराने तीन बिट समोर ठेवले: साधा काँक्रीट बिट, भाल्याच्या टोकाचा काच-टाईलचा बिट आणि पोकळ डायमंड बिट. यातला एक निवडण्याआधी आपली टाईल कोणती, ते पाहावं लागतं. उरलेला तुकडा माळ्यावर असेल तर तो उलटा करून मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच शोषला गेला, अंग लालसर किंवा पांढरट आणि भुसभुशीत असलं, तर ती सिरॅमिक. थेंब तसाच बसून राहिला तर व्हिट्रिफाइड, म्हणजे जवळजवळ दगडच.

काँक्रीट बिट सगळ्यांच्या घरात असतो, म्हणून मोह त्याचाच होतो. त्याचं टोक बोथट, कारण तो ड्रिल मशीनच्या हॅमर मोडच्या ठोक्यांनी वीट फोडण्यासाठी बनलेला आहे. सिरॅमिकवर तो चालतो, पण हॅमर बंद असेल तरच, आणि तरीही चकाकीवरून घसरतो. व्हिट्रिफाइडवर तर तो फिरत राहतो, तापतो, माणूस कंटाळून जोर वाढवतो आणि टाईल तडकते. त्याचं खरं काम टाईलच्या मागे आहे.

भाल्याचा बिट सिरॅमिकसाठी माझ्या मते सगळ्यात योग्य. त्याचं अणकुचीदार कार्बाइड टोक वरचा काचेसारखा थर ठोकत नाही, खरवडतं. व्हिट्रिफाइडवर मात्र एखाद-दुसऱ्या भोकातच त्याची धार जाते. भुकटी पडायची थांबली आणि किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला की धार संपली समजा.

डायमंड बिटला टोकच नसतं, नळीच्या कडेवर हिऱ्याचे कण असतात. त्यामुळे सरळ टेकवला तर तो टाईलवर सरकतो. मशीन तिरकं धरून आधी चंद्रकोरीसारखा ओरखडा पाडायचा, मग हळूहळू सरळ करायचं. त्याला पाणी सतत लागतं. पाणी नसेल तर कण जळून झिजतात. ओला स्पंज भोकाखाली धरा किंवा दुसऱ्या माणसाला स्प्रेच्या बाटलीने थोडं-थोडं पाणी मारायला सांगा. विजेच्या मशीनवर पाणी उडता कामा नये. चार्जिंगचं मशीन मिळालं तर उत्तम. हॅमर डायमंडवर कधीच नाही.

आता एक प्रत्यक्ष काम पाहू. जळगावातलं घर, 8 मिमी सिरॅमिक टाईल, मागे सिमेंटचा थर आणि पक्की वीट, रॉडच्या दोन पट्ट्यांना मिळून चार स्क्रू. आधी टाईल बोटाच्या पेराने ठोकायची. ‘डब डब’ पोकळ आवाज आला तर मागे मसाला नाही. तिथे भोक पाडू नका. टाईलच्या कडेपासून निदान एक इंच आत राहा. ‘जोडावर पाडलं की टाईल वाचते’ असं पुष्कळ जण सांगतात, पण जोड 2-3 मिमीचा आणि बिट 6 मिमीचा, म्हणजे दोन्ही टाईलच्या कडा कापल्या जातात.

खुणेवर मास्किंग टेप लावा, हॅमर बंद, ट्रिगर अर्धाच दाबा आणि 6 मिमीच्या भाल्याच्या बिटाने टाईल पार करा. भुकटीचा रंग बदलून सिमेंटचा करडा आला की थांबा. आता काँक्रीट बिट लावून पुढचं काम करा. हॅमर इथे चालतो, पण मी विटेत तोही टाळतो. स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी 35 मिमीची असेल तर साधारण 50 मिमी खोल जायचं. बिटवर टेपची खूण करून ठेवा.

गिट्टी टाईलच्या तोंडाशी ठेवू नका, टाईलच्या पलीकडे विटेत ढकला. स्क्रू आवळला की गिट्टी फुगते, आणि ती टाईलच्या आतच फुगली तर भोक नीट पडूनही टाईल नंतर तडकते. आठवड्याने दिसणारे तडे बहुधा असेच येतात. स्क्रू मात्र त्या हिशेबाने लांब, 50 मिमीचा घ्या.

भिंत बदलली की गणित बदलतं. खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंतीवर टाईल लावून न्हाणीघर केलेलं असतं. बिट लोण्यात गेल्यासारखा आत गेला आणि पिवळी माती पडली, तर गिट्टी तिथे धरणार नाही. अशा जागी उभं राहणारं स्टँड किंवा चिकटवायचा हलका हुकच बरा. चिकटवण्याआधी बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर घासून काढावा लागतो, नाहीतर चिकटपट्टी टाईलला नाही, क्षाराला चिकटते.

शेवटी स्क्रू स्टेनलेसचा घ्या, गिट्टीच्या तोंडाशी सिलिकॉनचा ठिपका द्या म्हणजे पाणी विटेत झिरपणार नाही, आणि शेवटचा आवळ मशीनने नाही, हातच्या स्क्रू ड्रायव्हरने द्या.