झोपताना भीमरूपी की मनाचे श्लोक?

आमच्या नागपूरच्या घरी अडीच वर्षांच्या लेकीला निजवताना आजी भीमरूपी म्हणायची. दोन्ही रचना समर्थांच्याच, पण परिणाम उलटा. भीमरूपीत आठ-आठ अक्षरांचे तुकडे भराभर येतात, शब्द दणदणीत. पोर गादीवर उभी राहून मारुतीसारखी उडी मारायची. डोळे चमकले, हातपाय चालू झाले, की समजावं झोप लांबली.

मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. एका ओळीत बारा अक्षरं. लघु-गुरु-गुरु हा ठेका चारदा येतो, अगदी पाळण्याच्या झोक्यासारखा. ओळ संपली की श्वास सोडायलाही जागा मिळते. आम्ही रोज तेच पाच श्लोक घेतो. पहिले दोन नेहमीच्या आवाजात, पुढचे सावकाश, शेवटचा जवळजवळ कुजबुजत. मे महिन्यात मात्र कूलरची घरघर आवाज चढवायला लावते, म्हणून तो एकवर ठेवून तिच्या कानाशी म्हणते.

भीमरूपी आम्ही सोडलेली नाही. ती दिवेलागणीला, शुभंकरोतीनंतर. तेव्हा हव्या तेवढ्या उड्या. दात येताना किंवा ताप असताना मात्र श्लोकांनीही झोप येत नाही, तेव्हा नुसतं थोपटते.