बारावी फिजिक्सच्या नोट्स: किती वेळा आलं ते मोजायचं, की किती गुणांना आलं ते?

जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसलं की बहुतेक मुलं आधी प्रकरणं मोजतात. महाराष्ट्र बोर्डाच्या फिजिक्ससाठी त्यातून फारसं काही हाती लागत नाही, कारण प्रकरणवार गुण बोर्डानेच ठरवून दिले आहेत. पेपर 70 गुणांचा, पर्याय धरून 98 चा. सोळाही प्रकरणं पर्यायांसह 5 ते 7 गुणांच्या आत बसतात. फरक पडतो तो प्रकरणाच्या आत, म्हणून मोजायचे ते टॉपिक.

ते मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत टॉपिक दिसला की वहीत एक रेघ मारायची. एका बैठकीत काम होतं. दुसरीत रेघेऐवजी प्रश्नाचे गुण लिहायचे. याला वेळ जास्त लागतो, पण क्रम बराच बदलतो.

रोटेशनल डायनॅमिक्स घ्या. समजा, सहा पेपरांत रस्त्याचं बँकिंग चार वेळा आलं, पण प्रत्येक वेळी एका गुणाला. पॅरलल अ‍ॅक्सिस थिअरम दोनदाच आला, पण तीन-तीन गुणांना. रेघा मोजल्या तर बँकिंग 4 विरुद्ध 2 ने पुढे. गुण मोजले तर थिअरम 6 विरुद्ध 4 ने पुढे. शिवाय दोघांच्या नोट्सही वेगळ्या. एका गुणासाठी सूत्र आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ पुरतो. थिअरमला विधान, दोन अक्ष दाखवणारी आकृती आणि सिद्धतेच्या सगळ्या पायऱ्या लागतात, आणि हे शेवटच्या आठवड्यात उरकत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना नोट्सचा क्रम गुणांवरून लावायला सांगतो. रेघांची यादीही फेकायची नाही. सूत्रांचं एकपानी टिपण काढताना तीच उपयोगी पडते.

चार गुणांच्या प्रश्नात बऱ्याचदा दोन तुकडे असतात, एक डेरिव्हेशन आणि एक गणित. अख्खे चार गुण डेरिव्हेशनच्या नावावर टाकले की ते उगाच वर चढतं. तुकड्यांचे गुण वेगळे लिहा. वहीतल्या एका पेपरची बेरीज 98 आली नाही, तर कुठेतरी गुण दोनदा धरलेत किंवा सुटलेत असं समजा.

कोणते पेपर घ्यायचे, इथे मात्र दोन्ही रीती सारख्याच फसतात. सध्याचं पुस्तक 2020 पासूनचं, त्याआधीचे पेपर जुन्या अभ्यासक्रमाचे. 2021 ची परीक्षा रद्द झाली. 2022 ची परीक्षा 25 टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. त्या वर्षी वगळलेल्या टॉपिकसमोर शून्य दिसतं, पण तो टॉपिक विचारण्यासारखा नव्हता असं त्यातून ठरत नाही. तिथे शून्याऐवजी आडवी रेघ मारा आणि क्रम लावताना तो पेपर त्या टॉपिकसाठी धरूच नका.