विधवेच्या पहिल्या एकट्या प्रवासाची कथा: ‘मी’ने सांगायची की ‘ती’ने?

नवऱ्यासोबत वर्षानुवर्षं फिरलेली बाई पहिल्यांदा एकटी निघते, एवढं ठरलंय पण निवेदन कुठलं घ्यायचं तेच ठरत नाहीये, तर माझं मत असं की आधी एकच प्रसंग दोन्हीकडून लिहून बघा. मी चालत्या गाडीतला बाथरूमचा प्रसंग घेते. दोघं असताना एक जायचा, दुसरा सामानाजवळ बसायचा. आता?

‘मी’मध्ये लिहिलं तर बहुतेक असं येतं: “मला बाथरूमला जायचं होतं, पण सामानाजवळ कोणीच नव्हतं. हे असताना असा प्रश्नच आला नव्हता.” वाईट नाहीये, पण बाईने स्वतःच सगळं समजावून सांगून टाकलं, वाचकाला काही कामच उरलं नाही.

आता ‘ती’: “सुमनने बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळला. मग सोडवला. समोरच्या मुलीला म्हणाली, ‘जरा बघशील का गं, आलेच मी.’ दारापर्यंत जाऊन परत वळून पाहिलं.” नवऱ्याचा उल्लेखही नाही आणि तरी तो तिथे नाही हे कळतं. (नाव द्यावंच लागतं हां, नाहीतर ती आणि मुलगी दोघीही ‘ती’, वाचणारा गोंधळतो.)

मग ‘मी’ कशाला घ्यायचं? तर बाईला स्वतःलाच जे दिसत नाहीये ते दाखवायचं असेल तेव्हा. समजा ती कौतुकाने सांगतेय, “हे मला खिडकीत बसू द्यायचे नाहीत, धूळ येते म्हणून. फार जपायचे.” आणि दोन पानांनी सहज सांगते की आज तिकीट काढताना खिडकीची सीट मागितली, बस्स, कारण वगैरे काही नाही. तिला सुटका वाटतेय हे तिच्याआधी वाचकाला कळतं, आणि ही गंमत ‘ती’ने सांगताना लेखकाचं बोट दिसायला लागतं. फक्त तिने पुढे कुठेही “तेव्हा मला कळलं की” म्हणायचं नाही, म्हटलं की गेलं सगळं.

म्हणजे नुसती उणीव दाखवायची असेल तर ‘ती’, आणि उणिवेखाली न कबूल केलेला मोकळेपणा असेल तर ‘मी’. मला स्वतःला दुसरी कथा जास्त आवडेल, पण ती लिहायला अवघड आहे.

एक धोका दोन्हीकडे आहे, ‘मी’त जरा जास्तच. ते जायचे, ते आणायचे, ते म्हणायचे अशी ‘-यचे’वाली वाक्यं सुरू झाली की परिच्छेदच्या परिच्छेद निघतात आणि गाडी जागेवरच उभी राहते. तपासायचं असेल तर मसुद्यातली आठवणींची सगळी वाक्यं झाकून उरलेलं वाचा. त्यात तिने काही केलं, कुणाला काही विचारलं, काही चुकलं असं सापडलं तर प्रवास होतोय. नुसतीच खिडकीबाहेर बघत बसलेली असेल तर निवेदन बदलून उपयोग नाही, आधी तिला उतरायचं स्टेशन कुणाला तरी विचारायला लावा.