एकजिनसीकरण की संकरीकरण: निबंधासाठी कोणती चौकट?

जागतिक ब्रँडवर निबंध लिहिताना सांस्कृतिक एकजिनसीकरण घ्यावं की संकरीकरण, असं एका विद्यार्थिनीने विचारलं. एकजिनसीकरण म्हणजे जगभरच्या संस्कृती एकसारख्या होत जाणं; संकरीकरण म्हणजे बाहेरून आलेलं स्थानिकात मिसळून नवं रूप घेणं. दोन्ही एकाच ब्रँडवर तपासू. मॅकडोनाल्ड्स 1996 मध्ये भारतात आलं ते गोमांस वगळून.

पुरावा कुठे मिळतो? संकरीकरणाला तो मेनूत लगेच दिसतो, आणि बरेच निबंध इथेच फसतात. एकजिनसीकरणाची बाजू मांडणारे समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर यांचा युक्तिवाद मुळात पदार्थांबद्दल नाहीच. तो कार्यक्षमता, मोजमाप, ठरावीकपणा आणि नियंत्रण या चार तत्त्वांबद्दल आहे. आलू टिक्कीही ठरलेल्या मापाची आणि ठरलेल्या क्रमाने बनत असेल, तर बदललेल्या पदार्थाने त्यांचं म्हणणं खोडलं जात नाही.

बदल कोण घडवतं? मेनू कंपनीच बदलते. हाँगकाँगमध्ये मात्र शाळा सुटल्यावर मुलं तिथे अभ्यासाला, गप्पांना रेंगाळू लागली. झटपट खाऊन निघायच्या जागेचा अर्थ ग्राहकांनीच बदलला. संकरीकरणाचा हा पुरावा मला कितीतरी भक्कम वाटतो.

कामाची पद्धत, पुरवठा, मालकी तपासायची असेल तर एकजिनसीकरण घ्या. ग्राहकांचा वापर अभ्यासायचा असेल आणि प्रत्यक्ष निरीक्षणाला वेळ असेल, तर संकरीकरण.