व्याजदर उतरणार असतील तर एफडी एक वर्षाची की पाच वर्षांची?

फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला आणि ठेवींचे दरही उतरले. अशा काळात एक वर्षाला ७.२५ आणि पाच वर्षांना ७ टक्के मिळत असतील, तर जास्त दर पाहून एक वर्ष निवडणं घाईचं ठरतं. वर्षानंतर उरलेल्या चार वर्षांना साधारण ६.९४ टक्क्यांहून कमी दर मिळाला, की पाच वर्षांची ठेवच सरस.

अडकण्याची भीती? दोन वर्षांनी मोडल्यास सहसा ठेवीच्या दिवशीचा दोन वर्षांचा दर लागतो, त्यातून अर्धा-एक टक्का दंड वजा होतो. तो दर ६.८ आणि दंड एक टक्का असेल तर हाती ५.८ टक्के. करबचतीची ठेव मात्र मुदतीआधी मोडताच येत नाही, हे नीट पाहाच.

वर्षभरात पैसे लागणारच असतील त्यांनी एक वर्षाची घ्यावी. निवृत्तांनी पाच वर्षांची, पण एकाच पावतीऐवजी चार-पाच पावत्या करून, म्हणजे गरजेपुरती एकच मोडता येते.