दुकानाचं व्हॉट्सॲप: आपोआप काय जाऊ द्यायचं, हातानं काय लिहायचं

(व्यापारी असोसिएशनच्या बैठकीत कापड दुकानदारांसमोर केलेलं छोटं भाषण)

मंडळी, लग्नसराई तोंडावर आली आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, गुगल हे सगळं आहेच, पण आपल्या बाजारपेठेत गिऱ्हाईक खरं बोलतं ते व्हॉट्सॲपवर. म्हणून मी आज जास्त करून व्हॉट्सॲप बिझनेसच्या साध्या, फुकट ॲपबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे. ॲपमध्ये आपोआप उत्तर देण्याची सोय आहे, मग ती सगळ्याला लावावी की कशालाच लावू नये?

माझी कसोटी सरळ आहे. कुणीही विचारलं तरी उत्तर एकच असेल, तर ते ॲपवर सोपवा. विचारणारा माणूस, त्याच्या घरातलं कार्य किंवा त्याचं तुमच्याकडचं खातं पाहून उत्तर बदलत असेल, तर ते स्वतः द्या. दुकान किती वाजता उघडतं, गुरुवारी बंद असतं का, गाडी कुठे लावायची, पिको-फॉल करून मिळतो का, ही पहिल्या गटातली. भाव कमी होईल का, साडी बदलून मिळेल का, ब्लाऊज शनिवारपर्यंत शिवून मिळेल का, ही दुसऱ्या गटातली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर टेलरला विचारल्याशिवाय तुम्हालाही देता येत नाही.

आता बस्त्याचंच उदाहरण घेऊ. समजा सोमवारी रात्री सव्वादहाला मेसेज येतो: "नमस्कार, मुलीच्या लग्नाचा बस्ता काढायचा आहे. काय भाव पडेल?" दुकान बंद आहे. आपोआप जाणारी दोन उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून बघा.

पहिलं: "आमच्याशी संपर्क केल्याबद्दल धन्यवाद! आमचा कॅटलॉग पाहा. सर्व साड्यांवर आकर्षक सूट!"

दुसरं: "नमस्कार. दुकान आता बंद आहे, उद्या सकाळी 10 वाजता उघडेल. बस्त्यासाठी विचारत असाल तर लग्नाची तारीख लिहून ठेवा, सकाळी 11 च्या आत दुकानातून फोन येईल."

पहिल्या उत्तरानं काहीच सांगितलं नाही. बस्त्याला येणारं घर एका साडीचा भाव विचारत नसतं. नवरीचा शालू, वरमाईची पैठणी, मानपानाच्या तीस-चाळीस साड्या, टॉवेल-टोपी, आहेराची कापडं, या सगळ्याचा मिळून हिशोब कसा बसेल, आणि दहा-बारा माणसं एकदम आली तर आपल्याला नीट वेळ देतील का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. मानपानाच्या उरलेल्या साड्या परत घेणार का, हा प्रश्नही मनात असतोच. यातलं एकही उत्तर कॅटलॉगमध्ये नाही.

दुसऱ्या उत्तरानं तीन कामं केली. दुकान बंद असल्याचं खरं सांगितलं, एकच उपयोगाची गोष्ट विचारली आणि माणूस कधी बोलेल याची वेळ दिली. सकाळी मालकानं फोन करताना तारीख हाताशी असते. लग्न दीड महिन्यावर असेल तर शालूसाठी नमुने मागवायला वेळ आहे. आठ दिवसांवर असेल तर दुकानात आहे तोच माल दाखवायचा. त्या फोनवर किती माणसं येणार, घरात नऊवारी नेसणाऱ्या कोण आहेत, मानपानाच्या साडीला साधारण किती धरायचे आहेत, एवढं कळलं की त्यांच्यासाठी मंगळवारची दुपार राखून ठेवता येते. हा फोन मालकानं किंवा जुन्या सेल्समननंच करायचा. हे काम यंत्राकडून होणार नाही.

मात्र 11 च्या आत फोन येईल असं लिहिलं तर तो गेलाच पाहिजे. तेवढं जमत नसेल तर "दुपारपर्यंत" लिहा. वेळ लिहून न पाळण्यापेक्षा आपोआप उत्तर बंद ठेवलेलं बरं, कारण वाट पाहणारं घर तोवर शेजारच्या गावातल्या दुकानाला विचारतं.

ॲपच्या तीन खोड्या माहीत असायला हव्यात. दुकान बंद असतानाचा मेसेज फोनला इंटरनेट चालू असेल तरच जातो. रात्री दुकानाच्या फोनचं नेट बंद करून घरी जाणाऱ्यांचा मेसेज गेलेलाच नसतो, आणि त्यांना मात्र तो गेला असं वाटत असतं. दुसरी खोड स्वागताच्या मेसेजची. गिऱ्हाइकानं पहिल्यांदाच लिहिलं किंवा 14 दिवस काहीच बोलणं झालं नसलं, तर तो जातो. म्हणजे वीस वर्षांपासून येणाऱ्या काकूंनी महिन्यानं मेसेज केला की त्यांनाही "आमच्या दुकानात आपलं स्वागत आहे" जाणार. त्यांना ते परकं वाटतं आणि ते रास्तच आहे. सेटिंगमध्ये कुणाला पाठवायचं ते निवडता येतं. तिथे आपल्या फोनमध्ये नंबर साठवलेला नाही अशांनाच तो जाईल असा पर्याय घ्या. तिसरी अगदी साधी आहे. वेळापत्रक एकदा लावलं की आपण विसरतो, आणि लग्नसराईत दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडं असताना आठ वाजताच "दुकान बंद आहे" जात राहतं. महिन्यातून एकदा घरातल्या कुणाच्या तरी नवीन नंबरवरून स्वतःच्याच दुकानाला मेसेज करून बघा.

पूर्ण आपोआप आणि पूर्ण हातानं यांच्या मधली एक सोय मला सगळ्यात जास्त आवडते. ती म्हणजे तयार उत्तरं. ॲपमध्ये अशी 50 पर्यंत साठवता येतात. "/" टाइप केलं की यादी समोर येते. पत्ता, नकाशा, बँकेचा तपशील, पार्सल पाठवण्याची पद्धत एकदा शुद्ध लिहून ठेवा. पाठवायचं की नाही हे माणूस ठरवतो आणि पाठवण्याआधी वर नाव घालतो. वेळ वाचतो आणि उत्तर चुकीच्या माणसाला जात नाही. सात-आठच ठेवा. जास्त झाली की मुलं शोधत बसतात.

आता एकदम सगळ्यांना पाठवायच्या मेसेजबद्दल. फुकट ॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो पोहोचतो. अनेकांना ही अडचण वाटते, मला ती राखण वाटते. ज्याला तुम्ही हवे आहात त्यालाच मेसेज जातो. याउलट बाजारात मिळणारी, हजारो नंबरांवर एका फटक्यात पाठवणारी सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपच्या नियमांत बसत नाहीत आणि नंबर कायमचा बंद होऊ शकतो. तो नंबर तुमच्या पाटीवर, पिशवीवर, बिलबुकावर छापलेला आहे. गेला तर नवीन घेणं सोपं नाही, जुन्या सगळ्या गप्पाही त्याच्याबरोबर जातात. खरंच मोठ्या प्रमाणावर पाठवायचं असेल तर अधिकृत, पैसे भरून घ्यायची सेवा आहे. तिथे आधी गिऱ्हाइकाची संमती लागते, मेसेजचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो, आणि गिऱ्हाइकानं शेवटचं लिहिल्यापासून 24 तासांच्या आतच मोकळेपणानं उत्तर देता येतं. दोन-तीन शाखा असतील, रोज शेकड्यांनी मेसेज येत असतील तर तिचा विचार करा. आपल्या रस्त्यावरच्या एका दुकानाला ती लागत नाही.

उधारीवर जरा थांबते, कारण नुकसान इथे सगळ्यात जास्त होतं. वही ठेवणारी काही ॲप ठरल्या तारखेला गिऱ्हाइकाला आपोआप आठवण पाठवतात. कल्पना करा, एका घरानं दिवाळीला 6,400 रुपयांचे कपडे नेले. चुलत्यांनी मधे येऊन 3,000 गल्ल्यावर रोख दिले, आणि त्या गडबडीत नोंद राहून गेली. पहिल्या तारखेला त्या घरी पूर्ण 6,400 चा तगादा जातो. किंवा नोंद बरोबर असते, पण त्याच आठवड्यात त्या घरात कुणी गेलेलं असतं. दोन्ही वेळा मेसेजवर तुमच्या दुकानाचं नाव असतं.

म्हणून इथे यंत्राची दिशा उलटी करा. आठवण गिऱ्हाइकाला न जाता तुम्हाला येऊ दे. ॲपमध्ये रंगीत लेबलं लावता येतात, ती फक्त तुम्हालाच दिसतात. "बस्ता", "बदलून द्यायचं", "उधारी", "शिवायला दिलं", एवढी चार पुरेत. रोज दुकान उघडल्यावर चहा येईपर्यंत ही चार लेबलं बघायची आणि कुणाला काय लिहायचं ते स्वतः ठरवायचं. वसुलीचा मेसेज पाठवण्याआधी वही आणि गल्ला जुळवायचा, आणि रक्कम मोठी असेल तर मेसेजऐवजी फोन.

तक्रारीचंही तेच. रंग गेला, काठ विरला, दुसरंच पार्सल गेलं, असं कुणी फोटो पाठवून लिहिलं आणि त्याखाली "आपला दिवस शुभ असो" असं आपोआप गेलं, तर ते गिऱ्हाईक गेलं म्हणून समजा. गुगलवरच्या वाईट अभिप्रायालाही ठोकळेबाज उत्तर नको. त्याच साडीचं, त्याच दिवसाचं नाव घेऊन दोन ओळी लिहा. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचणार असतं.

फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट आधीच लावून ठेवायला माझी काही हरकत नाही. नवीन माल आला की रविवारी बसून आठवड्याच्या पोस्ट मेटा बिझनेस सूटमध्ये लावून टाका, वेळ खूप वाचतो. पण 2024 च्या नवरात्रात काय घडलं ते आठवा. 9 ऑक्टोबरच्या रात्री उशिरा रतन टाटा गेल्याची बातमी आली आणि 10 तारखेला राज्यात दुखवटा होता. दसरा 12 तारखेला, म्हणजे सूट-सवलतीच्या पोस्ट लावून ठेवायचे नेमके तेच दिवस. लावून ठेवलेली पोस्ट बातमी वाचत नाही. म्हणून सकाळी पहिली पोस्ट जाण्याआधी ती पाहणारा आणि थांबवता येणारा एक माणूस नेमा, आणि पोस्ट सकाळी सातला न लावता दहानंतर लावा, म्हणजे त्याला वेळ मिळतो.

आता ठरवायचं कसं? येत्या रविवारी फोनमधले शेवटचे शंभर प्रश्न वाचा आणि कागदावर दोन रकाने करा: "सगळ्यांना एकच उत्तर" आणि "माणूस पाहून उत्तर". पहिल्या रकान्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची तयार उत्तरं लिहा आणि बंद असतानाच्या मेसेजमध्ये त्यातले दोनच घाला: वेळ आणि सुट्टी. महिन्यानं पुन्हा बघा. आपोआप मेसेज गेल्यानंतर लोक तोच प्रश्न परत विचारत असतील तर मजकूर चुकला आहे, तो बदला. लोक त्यानंतर गप्प होत असतील आणि सकाळच्या फोनलाही उत्तर देत नसतील, तर आपोआप मेसेज एक आठवडा बंद ठेवून फरक पाहा.

आणि दुकानाचा फोन कुणाच्या हातात आहे ते पक्कं करा. सकाळी मालक, दुपारी मुलगा, संध्याकाळी सेल्समन असं असेल, तर भाव कमी करण्याचा शब्द कुणी द्यायचा आणि माल बदलून देण्याचं कुणी बोलायचं, हे आधी ठरवून गल्ल्याजवळ लिहून लावा.