ऑफलाइन गाण्यांनी फोन भरतो तेव्हा: पावसाळ्यापासूनचा अनुभव

जांबोटी मागे पडली की बसमध्ये नेटवर्कचा भरवसा नसतो. माझी नोकरी बेळगावात आणि माहेर कणकुंबीकडं, म्हणून चोर्ल्याच्या रस्त्यावर ऐकायची गाणी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावी लागतात. गेल्या पावसाळ्यापासून पैसे भरून गाण्यांचं एक ऍप वापरते आहे. आवाज छान, झाडीतून जाताना गाणं अडकत नाही, पैसे वसूल. पण हे घेणाऱ्यांना जागेबद्दल सविस्तर सांगायलाच हवं.

माझा फोन ६४ जीबीचा. दिवाळीच्या सुमारास कॅमेरा फोटो घेईना, जागा नाही म्हणाला. व्हॉट्सऍपचे व्हिडिओ पुसले, गॅलरी साफ केली, तरी जेमतेमच जागा झाली. ऍपमध्ये उतरवलेली गाणी गॅलरीत किंवा फाइल मॅनेजरमध्ये गाणी म्हणून दिसतच नाहीत; ती कुलूपबंद स्वरूपात ऍपच्या खासगी जागेत असतात. ती सापडतात Settings मधल्या Storage मध्ये, ऍप्सच्या यादीत. माझ्याकडं गाण्यांचं ऍप सगळ्यात वर होतं, ९ जीबीच्या आसपास. त्यावर बोट ठेवल्यावर फोड दिसली: ऍप स्वतः थोडंसं, Cache साधारण १ जीबी, बाकी सगळं User data. काही फोनवर याला नुसतं Data म्हणतात. Cache पुसल्यानं डाउनलोड जात नाहीत, आणि ऐकत राहिलं की ते पुन्हा भरतं. फुगलेला आकडा User data चा असेल तर कारण बहुतेक डाउनलोडच.

मग इतकं आलं कुठून? आमच्या घरची एक सामाईक प्लेलिस्ट आहे; दादा, वहिनी, भाचे सगळेच तीत गाणी घालतात. मी तिच्यावर डाउनलोडचा बाण दाबला तेव्हा शंभरेक गाणी होती. हा बाण दाबल्यावर आत्ताची गाणी येतातच, पण पुढं जो कोणी गाणं घालेल तेही वायफाय मिळताच आपोआप उतरतं. आवडत्या गाण्यांची यादी डाउनलोडवर ठेवली असली तरी हेच होतं. दादाला फोन केला, "दादा, प्लेलिस्टमध्ये काय काय घालालाईस रे?" तो म्हणाला, "अगं, भजनं घालालोय. मंडळातली सगळी मागतात." यादी सहाशेवर गेली होती.

आता हिशोब बघा. डाउनलोडचा दर्जा वरचा, म्हणजे ३२० केबीपीएस असेल तर एका मिनिटाला सुमारे २.४ एमबी लागतात. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, वीस मिनिटांचं भजन ४८. सरासरी पाच मिनिटं धरली तर शंभर गाण्यांचे १.२ जीबी होतात आणि सहाशेंचे ७.२. दर्जा १६० वर आणला की तेच ३.६ जीबीत मावतं. बसच्या इंजिनच्या घरघरीत, साध्या इयरफोनवर मला तरी दोन्हींत फरक कळला नाही.

मी त्या प्लेलिस्टचं डाउनलोड बंद केलं. यानं प्लेलिस्ट जात नाही, फक्त फोनमधल्या फाइली जातात. मग मला हवी तेवढी गाणी घेऊन स्वतःची वेगळी यादी केली, दर्जा १६० केला आणि घरच्या वायफायवर तेवढीच उतरवली. त्या यादीत दुसरं कोणी काही घालू शकत नाही, त्यामुळे आकडा जागेवर राहिलाय. एक गोष्ट लक्षात ठेवा: तेच गाणं डाउनलोड केलेल्या दुसऱ्या यादीतही असेल तर एक यादी काढून त्याची जागा मोकळी होत नाही. अपेक्षेपेक्षा कमी जागा सुटली तर आधी हे तपासा.

Clear data किंवा Clear storage मात्र घाईनं दाबू नका. सगळी डाउनलोड जातात आणि लॉगिनही पुन्हा करावं लागतं. रोज दीड जीबीच्या पॅकवर तेवढं परत उतरवणं जड जातं. आयफोनवर उलटी गंमत आहे: Offload App केलं तर ऍप जातं, पण त्याचा डेटा फोनमध्येच राहतो, म्हणजे डाउनलोडची जागा सुटत नाही.

व्हिडिओचं थोडक्यात. नेटफ्लिक्सवर आपोआप डाउनलोडचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात बघून झालेला भाग पुसला जातो आणि पुढचा येतो, त्यामुळे तो फोन फारसा भरत नाही. दुसरा Downloads for You, तो आपल्या आवडीचा अंदाज घेऊन न मागितलेलंही उतरवतो. पण त्याला किती जीबी द्यायचे ते आपण ठरवतो. माझा तो बंदच असतो.

स्पॉटिफायसारख्या ऍपवर महिन्यातून एकदा तरी ऑनलाइन जावं लागतं, नाहीतर उतरवलेली गाणी निघून जातात. बेळगावात राहून ही अडचण मला आलेली नाही, पण सुट्टीत गावी महिनाभर राहणाऱ्यांनी निघायच्या आधी एकदा ऍप उघडून ठेवावं. गाण्यांच्या ऍपनंही प्लेलिस्टला जीबीची मर्यादा घालायची सोय द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. ती मिळेपर्यंत मी दर महिन्याला Storage उघडून User data चा आकडा बघते.